पाणी तेवढंच, पण जागा चुकली

आम्ही चाकणच्या बाजूला बचत गटांचं काम पाहतो. आमच्या गटांतल्या पुष्कळ जणींच्या घरातलं कुणी ना कुणी भट्टीजवळ काम करतं. मागच्या मे महिन्यात अशाच एका ताईंच्या यजमानांना दोन दिवस डोकं जड, मळमळ, पायात गोळे असा त्रास झाला. डबा तसाच परत येत होता. ताई म्हणाल्या, "अहो, पाणी कमी पडलं म्हणावं तर हे चार-चार बाटल्या पाणी पितात!" रक्त तपासलं, तर सोडियम निघालं 128. ते 135 ते 145 असायला हवं. एवढं पाणी पिऊनही माणूस आजारी का पडला, ते आज पायरी-पायरीने समजून घेऊ.

पहिली पायरी, शरीरात पाणी असतं कुठे? साठ किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण 36 लिटर पाणी असतं. बाईच्या अंगात त्याहून थोडं कमी. हे पाणी एका टाकीत नसतं. आपलं शरीर बारीक-बारीक पेशींचं बनलेलं आहे, आणि दोन भाग पाणी, म्हणजे 24 लिटर, या पेशींच्या आत असतं. त्याला आपण घरातलं पाणी म्हणू. उरलेलं 12 लिटर पेशींच्या बाहेर असतं, ते अंगणातलं पाणी. या बारापैकी सुमारे नऊ लिटर पेशींच्या भोवती असतं, आणि तीनच लिटर रक्तवाहिन्यांतून फिरत असतं.

दुसरी पायरी, मीठ कुठे असतं? मिठातलं सोडियम मुख्यतः अंगणात राहतं. थोडं सोडियम घरात शिरतं, पण पेशी ते सतत बाहेर ढकलत असते आणि त्याच्या जागी पोटॅशियम आत घेत असते. म्हणून सोडियम अंगणाचं आणि पोटॅशियम घराचं. पाण्याला मात्र अशी अडवणूक नाही. ते भिंतीतून दोन्ही बाजूंना जातं-येतं.

तिसरी पायरी, पाणी कुठल्या बाजूला जातं? हे तुम्ही रोज पाहता. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ लावलं, तर थोड्या वेळाने वाटीत पाणी सुटतं. काकडीच्या बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून आतलं पाणी बाहेर आलं. उलट मनुके साध्या पाण्यात टाकले, की टम्म फुगतात. विरघळलेले कण जिथे दाट, तिकडे पाणी जातं, आणि दोन्ही बाजूंचा दाटपणा सारखा होईपर्यंत जात राहतं. या दाटपणाला डॉक्टर ऑस्मोलॅलिटी म्हणतात. रक्तात ती साधारण 275 ते 295 असते. हिशोब सोपा आहे. सोडियमची दुप्पट करायची, आणि साखर व युरिया यांचे मिळून साधारण दहा धरायचे. म्हणजे 140 ची दुप्पट 280, अधिक दहा, झाले 290. एवढा मोठा वाटा सोडियमचा, म्हणून डॉक्टर आधी सोडियम बघतात.

आता भट्टीवरच्या माणसाचा हिशोब मांडू. समजायला सोपं जावं म्हणून घरात आणि अंगणात दोन्हीकडे दर लिटरला 140 कण धरू. घरात 24 लिटरमध्ये 3360 कण, अंगणात 12 लिटरमध्ये 1680. एका पाळीत चार लिटर घाम गेला. घाम खारट असतो. लिटरमागे 50 कण सोडियम धरलं, तर 200 कण गेले. मिठात सांगायचं तर जवळजवळ बारा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. त्यांनी चार लिटर साधं पाणी प्यायलं. पाणी भरून निघालं, अंगात परत 36 लिटर झालं. पण अंगणात कण राहिले 1480. अंगण पातळ झालं, घर त्यामानाने दाट राहिलं. मग मनुक्यासारखं झालं, पाणी घरात शिरलं. दोन्हीकडे दाटपणा सारखा झाला तेव्हा आकडा 134 वर आला. घरात 25 लिटर आणि अंगणात 11. वजनाच्या काट्यावर काही फरक नाही, पण एक लिटर पाणी अंगणातून घरात गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं आणि जेवणच नाही, तर हिशोबाने 129 येतात. त्यांचा रिपोर्ट 128 होता.

रोज सगळ्यांना असं होत नाही. डबा खाल्ला की भाजी-भाकरीतून मीठ परत मिळतं, आणि जास्तीचं पाणी मूत्रपिंड लघवीवाटे काढून टाकतं. पण खूप घाम आणि उलटीसारखी मळमळ असली, की शरीर पाणी धरून ठेवतं आणि लघवी कमी होते. तिथे हे फसतं.

पेशी फुगल्या की सगळ्यात आधी कळतं डोक्याला. हातापायाला फुगायला जागा आहे. मेंदू मात्र कवटीत बंद आहे. म्हणून डोकेदुखी, मळमळ, मग गोंधळून बोलणं, झोपाळलेपण आणि शेवटी झटके. माणूस असंबद्ध बोलू लागला, तर आणखी पाणी पाजत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. अंग तापलेलं असेल तर वाटेत ओल्या फडक्याने गार करत राहा. पाणी कमी पडलंय की मीठ, हे घरी बघून ओळखता येत नाही. ते रक्ताच्या तपासणीनेच कळतं.

दवाखान्यात त्यांना सलाईन हळूहळू दिलं. त्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं. सोडियम घरात टिकत नाही, म्हणून हे सलाईन अंगणातच राहतं, आणि कमी पडलेलं तिथेच भरून निघतं. ताईंनी विचारलं, "डॉक्टर, बाटली जरा जोरात सोडा की, लवकर बरे होतील." डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांत मेंदूच्या पेशींनी स्वतःला सावरून घेतलंय. आता एकदम मीठ वाढवलं, तर त्या आक्रसतील आणि कायमची इजा होईल. दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही."

याची उलटी चूकही आमच्या पाहण्यात आहे. एका आजींनी नातवाच्या जुलाबावर ओआरएसचं मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं. "घट्ट दिलं की लवकर गुण येईल," असं त्यांना वाटलं. ते पाकीट एक लिटरसाठी असतं. लिटरमध्ये कालवलं की दाटपणा 245 येतो, रक्ताहून जरा कमी, म्हणून पाणी आतड्यातून अंगात शिरतं. दोनशे मिलीच्या पेल्यात तोच पाचपट, बाराशेच्या वर जातो. मग काकडीसारखं होतं, अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. नातवाचे वाढलेच. नशीब, आशाताईंनी वेळेत रिकामं पाकीट आणि पेला पाहिला.

म्हणून भट्टीवर जाणाऱ्याच्या पिशवीत पाण्याबरोबर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत द्या, आणि डबा परत आला तर का आला ते विचारा. ज्यांना रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात कालवायचं ते छापलेलं असतं. लिटरची बाटली मोजून घ्या आणि पाकीट त्यात एकदाच, पूर्ण रिकामं करा.

ताईंचे यजमान आठवड्याने कामावर गेले. आता ते डब्याबरोबर ताकाची बाटली स्वतःच मागून नेतात.