निवृत्तिवेतनाचे खाते आणि न्यायालयाची जप्ती



शेगावसारख्या तालुक्याच्या गावी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या दारात निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. त्या रांगेतला एखादा वृद्ध खिडकीशी पोहोचतो आणि त्याला सांगण्यात येते, "काका, तुमचे खाते बंद केले आहे, वरून आदेश आहे." 'वरून' म्हणजे कोठून, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः सारा प्रश्न त्या एका शब्दावर उभा असतो, कारण आदेश कोणाचा यावर त्याचे उत्तर कोठे मागायचे हे ठरते.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. नगरपालिकेतून निवृत्त झालेला एक सफाई कामगार शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला. शेजाऱ्याने हप्ते थकविले, कर्ज देणाऱ्या बँकेने दावा लावला आणि दिवाणी न्यायालयाने दोघांविरुद्ध 1 लाख 80 हजारांचा हुकूमनामा दिला. जामीनदाराला वाटते, आधी मूळ कर्जदाराकडून वसुली होईल, मग आपली पाळी. हा समज चुकीचा आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि धनको दोघांपैकी कोणालाही आधी गाठू शकतो. निश्चित निवृत्तिवेतन असलेला मनुष्य गाठायला सोपा, म्हणून बँक त्यालाच गाठते.

हुकूमनाम्यानंतर धनको दरखास्त दाखल करतो. खात्यातली शिल्लक म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पेटीत ठेवलेल्या नोटा नव्हेत. ते बँकेने खातेदाराला देणे असलेले ऋण आहे. म्हणून न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 46 खाली मनाई हुकूम काढते. खातेदाराने ही रक्कम घेऊ नये आणि बँकेने ती देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. पुढे नियम 46-अ ची नोटीस निघते आणि बँकेला ती रक्कम न्यायालयात भरण्यास किंवा का भरू नये हे सांगण्यास फर्माविले जाते. या दोन पायऱ्यांमध्ये जो अवधी मिळतो, तोच खातेदाराचा खरा अवधी. रक्कम न्यायालयातून धनकोच्या हाती गेली की ती परत आणणे फार कठीण होते.

मनाई हुकूम बँकेला पोहोचला त्या दिवशीच्या शिलकीवर आणि हुकूमनाम्याच्या रकमेपुरताच चालतो. पुढच्या महिन्यात जमा होणाऱ्या रकमेसाठी स्वतंत्र आदेश हवा. पण बँकेतला संगणक खाते सरसकट गोठवितो, आणि नंतर आलेले वेतनही अडकते. म्हणून पहिले काम म्हणजे बँकेकडे लेखी अर्ज देऊन त्या आदेशाची प्रत, दरखास्त क्रमांक आणि आदेश पोहोचल्याची तारीख मागणे.

आता मुख्य मुद्दा. संहितेचे कलम 60 काय जप्त होऊ शकत नाही याची यादी देते. तीत शेतकऱ्याची औते व बैल आहेत, कारागिराची हत्यारे आहेत, मजुराची मजुरी आहे. त्याच यादीच्या खंड (ग) मध्ये सरकार, स्थानिक संस्था किंवा अन्य कोणत्याही मालकाकडून मिळणारे निवृत्तिवेतन व उपदान येते. म्हणजे नगरपालिकेचा सफाई कामगार तिच्यात स्पष्टपणे बसतो. "जप्तीपासूनचे संरक्षण मी सोडतो" असे कर्जाच्या कागदावर त्याच्याकडून लिहून घेतले असले, तरी 1976 च्या दुरुस्तीने आलेले पोटकलम (1-अ) असा करार निरर्थक ठरविते.

मग खाते गोठते कसे? धनकोचा वकील म्हणतो, सरकारच्या तिजोरीत असेतो ते निवृत्तिवेतन. खात्यात पडले की तो साधा पैसा. हा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली भविष्यनिर्वाह निधीसंबंधी निकाल देताना रक्कम प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत तिचे स्वरूप बदलत नाही, असे म्हटले होते. त्यातून हाती पडल्यावर बदलते असा अर्थ काढला जाई. परंतु 2008 मध्ये, पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने निवृत्तीनंतरचे लाभ मुदत ठेवीत ठेवले तरी ते खंड (ग) च्या संरक्षणातच राहतात असा निर्णय दिला. ज्याच्या हाती नोटीस आली आहे त्याने आपल्या वकिलाला या निकालाची आठवण करून द्यावी.

तरीही केवळ "माझे निवृत्तिवेतन आहे" एवढे म्हणून भागत नाही. ते दाखवावे लागते. समजा, आदेशाच्या दिवशी खात्यात 54 हजार रुपये होते. तीन महिन्यांचे वेतन प्रत्येकी 16 हजार, म्हणजे 48 हजार, आणि पुण्याहून मुलाने पाठविलेले 6 हजार. यातले 48 हजार संरक्षित. मुलाचे 6 हजार मात्र बापाच्या खात्यात आल्यावर बापाचीच मालमत्ता, ते जप्त होऊ शकतात. सोयाबीन विकून आलेला पैसाही त्याच खात्यात असेल तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. म्हणून निवृत्तिवेतनासाठी स्वतंत्र खाते ठेवणे शहाणपणाचे.

अर्ज त्याच न्यायालयात, त्याच दरखास्तीत, कलम 47 व 60 खाली करायचा असतो. वेगळा दावा लावता येत नाही. अर्जासोबत शपथपत्र, निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश आणि बँकेच्या शिक्क्याचा खातेउतारा जोडावा. उताऱ्यातील प्रत्येक जमेसमोर ती कोठून आली हे लिहावे. निकाल लागेतो रक्कम धनकोला देऊ नये, अशी अंतरिम मागणी त्याच अर्जात करावी. ती विसरली तर बाकी अर्ज कितीही बिनचूक असून उपयोग होत नाही. खाते पत्नीच्या नावासह संयुक्त असेल आणि पैसा तिचा असेल, तर तिने आदेश 21, नियम 58 खाली आपला स्वतंत्र हक्कदावा मांडावा. त्यावरील निर्णयाला हुकूमनाम्याचे स्वरूप असते व त्यावर अपील चालते. कलम 47 च्या आदेशावर मात्र 1976 नंतर तसे अपील उरले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडेच जावे लागते.

नोकरीत असलेल्याचे गणित निराळे आहे. साध्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले 1,000 रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. 25 हजारांच्या पगारात 8 हजार जप्तीयोग्य ठरतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात 24 महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मुक्त होतो. हा 1,000 चा आकडा 1999 च्या दुरुस्तीचा आहे. महागाईशी त्याला कोणी जोडले नाही, आणि संसदेला त्याची लाजही वाटलेली दिसत नाही.

आदेश न्यायालयाचा नसून पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याचा असेल, तर त्यामागे सहकार कायद्याच्या कलम 101 चा दाखला असतो. त्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण मागताना थकबाकीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ही अट ज्याच्याकडे पैसा नाही त्याचेच दार बंद करते. आदेश आयकर खात्याचा असेल, तर अपील व स्थगितीचा अर्ज आधी पाहावा. मुंबई उच्च न्यायालयाने 2001 आणि 2012 च्या निकालांत सांगितले आहे की अपिलाची मुदत संपण्यापूर्वी व स्थगिती अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी सामान्यतः सक्तीची वसुली करू नये. आणि आदेश कोणाचाच नसून बँकेने स्वतःच्या कर्जासाठी खाते अडविले असेल, तर ती जप्तीच नव्हे. तेथे दरखास्त क्रमांक मागितला की बँकेकडे तो नसतो, आणि तेवढ्यावरून प्रकरण ओळखता येते.