बदललेल्या चित्राचे शब्द : पर्यायी मजकूर आणि चित्रओळ



आजचा माझा विषय लहान आहे. अंकात किंवा पुस्तकात एखादे छायाचित्र जसेच्या तसे न छापता त्यात रंग भरतात, ते जलरंगातल्या चित्रासारखे करतात, किंवा त्याचे रेखाचित्र बनवतात. अशा वेळी दृष्टिबाधित वाचकाला काय सांगायचे, आणि ते कोणत्या शब्दांत सांगायचे, याविषयी मी बोलणार आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करतो. चित्रओळ चित्राखाली छापलेली असते आणि ती सगळेच वाचतात. पर्यायी मजकूर, म्हणजे ज्याला आपण सर्रास ऑल्ट टेक्स्ट म्हणतो, तो चित्राच्या आत दडलेला असतो. पानावर तो दिसत नाही. संगणक किंवा फोनवरचा स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की तो मजकूर वाचून दाखवतो. तो नसेल तर वाचकाला नुसते ‘ग्राफिक’ ऐकू येते, नाहीतर फाईलचे अगम्य नाव.

साध्या छायाचित्राचे वर्णन करताना ‘काय दिसते’ एवढे सांगितले की भागते. शैली बदललेल्या चित्राला ते पुरत नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर हाताने रंगवलेले जुने फोटो असत. आजीच्या गालावरची लाली आणि साडीच्या काठाचा हिरवा रंग फोटोग्राफरने नंतर भरला आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळे. डोळा ब्रशचा फटकारा ओळखतो. ज्याला ते दिसत नाही त्याच्यापर्यंत ‘हिरव्या काठाची साडी नेसलेली आजी’ एवढेच पोचले, तर तो हिरवा काठ त्याच्यासाठी पुरावा होऊन बसतो.

हे किती गंभीर होऊ शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जून १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. ‘न्यूजवीक’ने ते जसेच्या तसे ठेवले. ‘टाइम’ने ते बरेच गडद केले, त्यामुळे चेहरा काळवंडलेला आणि भयावह दिसू लागला. दोन अंक विक्रीच्या फळीवर शेजारी शेजारी आले, लोकांना फरक दिसला आणि मोठा गदारोळ झाला. ‘टाइम’ने आतल्या पानावर ‘फोटो-इलस्ट्रेशन’ असा उल्लेख केला होता. पण त्या शब्दाने काहीतरी बदलले एवढेच कळत होते, काय बदलले ते कळत नव्हते. आता कल्पना करा, दोन्ही मुखपृष्ठांना ‘सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र’ असाच पर्यायी मजकूर दिला असता तर? ऐकणाऱ्याला दोन्ही अंक सारखेच वाटले असते. ज्या फरकावर सारा वाद झाला, तोच त्याच्या हाती आला नसता.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९८१ साली निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी राष्ट्रीय महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. समजा, एखाद्या शाळेला आपल्या वार्षिक अंकात या आंदोलनावर लेख छापायचा आहे. त्यासाठी एक कृष्णधवल छायाचित्र मिळाले आहे. सजावट करणाऱ्याने त्यात रंग भरले, मग त्याला जलरंगाचा फिल्टर लावला. पुढचे तपशील मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण अशा कामात नेमके असेच घडत असते.

पहिला मजकूर बहुतेक वेळा असा येतो : ‘निपाणी आंदोलन फोटो’. हा निरुपयोगी आहे, पण निदान दिशाभूल करत नाही. दुसरा मजकूर मन लावून लिहिलेला असतो : ‘भगवे फेटे बांधलेले शेतकरी रस्त्यावर बसले आहेत, एकाच्या हातात पिवळा झेंडा आहे.’ हा भरगच्च आहे, म्हणूनच अधिक घातक आहे. मूळ छायाचित्रात फेटेही करडे होते आणि झेंडाही करडा होता. भगवा आणि पिवळा हे रंग कुणीतरी अंदाजाने भरले. सीमाभागात फेट्याचा आणि झेंड्याचा रंग ही किरकोळ गोष्ट नाही. त्या रंगावरून माणूस कुठल्या बाजूचा, हे ठरवले जाते. अंध विद्यार्थी हे वाक्य ऐकून आपल्या निबंधात लिहील की आंदोलक भगवे फेटे बांधून आले होते, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसेल.

आता हाच मजकूर नीट लिहू.

पर्यायी मजकूर : ‘रंग भरून जलरंगाच्या चित्रासारखे केलेले छायाचित्र. डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस शेतकरी मांडी घालून बसले आहेत, मागे तीन बैलगाड्या आहेत. फेटे भगवे आणि एक झेंडा पिवळा रंगवला आहे. फलकावरची अक्षरे फिसकटली आहेत, वाचता येत नाहीत.’

चित्रओळ : ‘निपाणी, १९८१. तंबाखू उत्पादकांचे रास्ता रोको. मूळ छायाचित्र कृष्णधवल. सर्व रंग अंदाजाने भरलेले आहेत. उजव्या कडेला अर्धवट दिसणारा माणूस काढून टाकला आहे. फलकावर मुळात “तंबाखूला रास्त भाव द्या” असे लिहिले होते.’

कामाची वाटणी लक्षात घ्या. चित्रात आता जे आहे ते पर्यायी मजकुरात आले. मूळ काय होते आणि काय बदलले ते चित्रओळीत आले. याला कारण आहे. काढून टाकलेला माणूस डोळस वाचकालाही दिसत नाही, तेव्हा ती माहिती सगळ्यांनाच हवी. शिवाय स्क्रीन रीडर दोन्ही मजकूर एकामागून एक वाचतो. एकच वाक्य दोन्हीकडे लिहिले तर ऐकणाऱ्याला ते दोनदा ऐकावे लागते. चित्र बदललेले आहे एवढी सूचना मात्र पर्यायी मजकुराच्या पहिल्या शब्दांतच यायला हवी, कारण पुढचे सारे वर्णन त्या सूचनेच्या प्रकाशात ऐकायचे असते.

इथे मराठीची एक सोय आपल्या कामी येते. ‘भगवे फेटे’ म्हटले की रंग फेट्याचा होतो. ‘फेटे भगवे रंगवले आहेत’ म्हटले की तो रंगवणाऱ्याचा होतो. एका क्रियापदाने जबाबदारी योग्य माणसाकडे जाते. चेहऱ्यांबाबतही तसेच आहे. फिल्टरमुळे ओठांची रेघ वर वळली असेल तर ‘शेतकरी हसत आहे’ असे लिहू नये. ‘चित्रात तो हसल्यासारखा दिसतो’ असे लिहावे, आणि मूळ छायाचित्रात हसू नसेल तर तसे चित्रओळीत सांगावे.

सगळेच बदल नोंदवायचे का? नाही. कागदाचा पोत, कडांची मऊ झालेली रेघ, थोडा वाढवलेला उजेड यांसाठी ‘जलरंगाच्या चित्रासारखे’ हे शब्द पुरेसे आहेत. स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा बदल कळला नाही तर वाचक त्या माणसाविषयी, जागेविषयी किंवा घटनेविषयी काही चुकीचे खरे धरील का? उत्तर ‘हो’ असेल तर बदल नोंदवायचा. माणसांची संख्या, त्वचेचा आणि झेंड्याचा रंग, जखमा, हत्यारे, दिवस-रात्र आणि अक्षरे यांचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘हो’ असते.

अक्षरांविषयी थोडे अधिक सांगतो. बेळगाव-निपाणीकडच्या फलकांवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा भेटतात. फिल्टर अक्षरांना अक्षरे समजत नाही, तो त्यांना नक्षी समजतो. जोडाक्षरे आणि कन्नडचे गोलाकार वळसे त्यात सर्वांत आधी विरघळतात. तेव्हा मूळ छायाचित्र मोठे करून फलक वाचावा आणि कोणत्या लिपीत काय लिहिले आहे ते सांगावे. कन्नड शब्द पर्यायी मजकुरात कन्नड लिपीत घातला तर मराठी आवाज तो गाळण्याचा किंवा चुकीचा उच्चारण्याचा धोका असतो, आणि पर्यायी मजकुराच्या मध्येच भाषा बदलल्याची खूण करता येत नाही. म्हणून ‘फलकावर कन्नडमध्ये “बेळगावी” असे लिहिले आहे’ असे देवनागरीत लिहावे.

आता थोडे यंत्राविषयी. आपल्याकडची बरीच जुळणी अजून युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होते. त्या फाईलमधला मजकूर उचलून पर्यायी मजकुराच्या चौकटीत चिकटवला, तर स्क्रीन रीडरला तिथे रोमन अक्षरांची खिचडी मिळते. पर्यायी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. वर्डमध्ये चित्रावर उजवी कळ दाबून `Alt Text` निवडले की चौकट उघडते. पीडीएफ करताना छपाईच्या आज्ञेने करू नये, त्यात हा मजकूर गळून पडतो. `Save As` वापरून करावी. संकेतस्थळासाठी रचना अशी असते :

```
<figure lang="mr">
  <img src="nipani-1981.jpg" alt="रंग भरून जलरंगाच्या चित्रासारखे केलेले छायाचित्र. ...">
  <figcaption>निपाणी, १९८१. ...</figcaption>
</figure>
```

यातल्या `lang="mr"` मुळे मजकूर मराठी आवाजात वाचायचा हे यंत्राला कळते. `alt` च्या आत सरळ दुहेरी अवतरणचिन्हे घालू नयेत, मजकूर तिथेच तुटतो. पर्यायी मजकूर दोन-चार वाक्यांत संपवावा. परिच्छेदासारखे ओळीओळीने थांबत तो ऐकणे अवघड असते. जास्त सांगायचे असेल तर ते लेखातच लिहावे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. मूळ छायाचित्र शेजारी नसेल तर काय बदलले हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून सजावट करणाऱ्याकडून मूळ फाईल आणि केलेल्या बदलांची चार ओळींची नोंद त्याच दिवशी मागून घ्यावी. मूळ मिळतच नसेल तर ‘मूळ छायाचित्र उपलब्ध नाही, रंग नंतर भरलेले दिसतात’ असे स्पष्ट लिहावे. अंदाजाला खात्रीचा सूर देऊ नये.

शेवटी परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. चित्र झाकून ठेवा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, त्यावर दोन्ही मजकूर ऐकवा. ऐकणारा दृष्टिबाधित वाचक असेल तर उत्तम. मग त्याला तीन प्रश्न विचारा : चित्रात काय आहे? त्यातले मुळात काय होते? नंतर काय घातले किंवा काढले? पहिल्याचे उत्तर आले आणि तिसऱ्याचे आले नाही, तर वर्णन झाले आहे पण वाचकाला खरे कळलेले नाही. असा मजकूर परत लिहायला घ्यावा.