सांगता येण्यापेक्षा अधिक: संवेदी स्मृती आणि आंशिक निवेदनाची पद्धत

एखादे दृश्य डोळ्यांसमोर क्षणभर चमकून गेले तर माणसाला त्यातले किती टिपता येते, हा प्रश्न मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विचारला जात होता आणि त्याचे उत्तर दीर्घकाळ एकच मिळत राहिले: चार किंवा पाच वस्तू. अक्षरे सहा दाखवली काय किंवा बारा दाखवली काय, पाहणारी व्यक्ती त्यांतली चार-पाच बरोबर सांगे आणि तिथेच अडे. मात्र अशा प्रयोगांत भाग घेणाऱ्यांची एक तक्रार वारंवार नोंदली गेली होती, की सांगितली त्याहून जास्त अक्षरे दिसली होती, पण पहिली काही सांगेपर्यंत उरलेली विरून गेली. ही तक्रार खरी मानली, तर चार-पाच हा आकडा पाहण्याची मर्यादा दाखवत नाही, तर तो केवळ सांगण्याची मर्यादा ठरतो. आणि खोटी मानली, तर ती निव्वळ मनाची समजूत ठरते. या दोन शक्यतांतून निवड करण्याची रीत जॉर्ज स्पर्लिंग यांनी हार्वर्ड विद्यापीठातील आपल्या संशोधनातून शोधून काढली आणि 1960 मध्ये प्रसिद्ध केली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती रीत, तिच्यातून पुढे आलेला निष्कर्ष आणि त्या निष्कर्षाच्या मर्यादा हा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. उद्दीपक, म्हणजे इंद्रियाला जाणवणारा प्रकाश किंवा ध्वनी, नाहीसा झाल्यानंतरही त्याचा ठसा काही काळ टिकतो. या ठशाला संवेदी स्मृती म्हणतात. दिवाळीत पेटलेली फुलबाजी वेगाने गोल फिरवली की अंधारात ठिणगीऐवजी प्रकाशाचे अखंड वर्तुळ दिसते, कारण ठिणगी पुन्हा त्याच जागी येईपर्यंत तिच्या आधीच्या जागांचा ठसा पुसलेला नसतो. जर्मन शास्त्रज्ञ सेग्नर यांनी 1740 मध्ये फिरत्या चाकाला तांबडा निखारा लावून नेमके हेच मोजण्याचा प्रयत्न केला होता. दृश्याच्या अशा ठशाला ‘आयकॉनिक’ म्हणजे दृक्‌प्रतिमा स्मृती, आणि ध्वनीच्या ठशाला ‘एकोइक’ म्हणजे ध्वनिप्रतिमा स्मृती ही नावे अल्रिक नायसर यांनी 1967 मध्ये दिली. निखाऱ्याच्या प्रयोगातून ठसा किती वेळ टिकतो याचा अंदाज येतो, पण त्यात किती माहिती साठलेली असते हे मात्र त्यातून कळत नाही. स्पर्लिंग यांच्यासमोरचा प्रश्न या साठ्याच्या मापाचा होता.

त्यांनी टॅचिस्टोस्कोप हे उपकरण वापरले, ज्यातून एखादे कार्ड अगदी ठरावीक आणि अत्यल्प काळ दाखवता येते. कार्डावर, उदाहरणार्थ, तीन ओळींत प्रत्येकी चार अशी बारा रोमन अक्षरे असत आणि ती 50 मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग, दिसत. डोळ्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागी वळायला याहून बराच अधिक वेळ लागत असल्यामुळे पाहणाऱ्याला ओळीमागून ओळ वाचण्याची संधीच मिळत नसे. अक्षरांचे शब्द जुळून येऊ नयेत म्हणून स्वर वगळून केवळ व्यंजने घेतली जात. हाच प्रयोग देवनागरीत मांडायचा झाल्यास एवढी खबरदारी पुरणार नाही, कारण देवनागरीतल्या सुट्या व्यंजनातही ‘अ’ असतो आणि ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही अक्षरे शेजारी आली की वाचकाला तीन वस्तूंऐवजी एकच शब्द दिसतो. म्हणून अशा प्रयोगात अक्षरांचा क्रमही पारखून घ्यावा लागेल. त्या दृष्टीने पुढील मांडणी उदाहरणादाखल घेता येईल.

ट प ज म
ख ल द स
ब त ग य

सर्व बारा अक्षरे सांगायला लावणे म्हणजे संपूर्ण निवेदन. स्पर्लिंग यांच्या प्रयोगांत संपूर्ण निवेदनाची सरासरी साडेचार अक्षरांच्या आसपास आली, म्हणजे जुनेच उत्तर पुन्हा मिळाले. कार्ड 15 मिलिसेकंद दाखवले किंवा अर्धा सेकंद दाखवले, तरी या सरासरीत म्हणावा असा फरक पडला नाही. पाहण्याचा अवधी तीस-पस्तीस पटींनी वाढूनही सांगण्याची संख्या जागची हलत नाही, याचा अर्थ अडथळा पाहण्याच्या टप्प्यावर नसून त्यानंतर कुठेतरी असला पाहिजे, असा तर्क येथे बळावतो.

यापुढची पायरी म्हणजे आंशिक निवेदन. कार्ड दिसेनासे झाल्यावर लगेच तीनपैकी एक सूर वाजवला जाई: उंच सूर वाजला तर वरची ओळ, मध्यम सूर वाजला तर मधली ओळ आणि खालचा सूर वाजला तर तळची ओळ एवढीच सांगायची. कोणता सूर वाजणार हे प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्या व्यक्तीला, आधी ठाऊक नसे, आणि सूर वाजेपर्यंत कार्डावरची अक्षरे गेलेली असत. वरच्या उदाहरणात मध्यम सूर वाजला आणि व्यक्तीने ‘ख’, ‘द’, ‘स’ ही अक्षरे बरोबर सांगितली, तर तिला चारांपैकी तीन गुण मिळतील. प्रत्यक्ष प्रयोगांत प्रयुक्त सरासरीने नेमके एवढेच, किंबहुना याहून किंचित अधिक, सांगू शकले. शितावरून भाताची परीक्षा करताना शीत कोणत्याही बाजूचे काढले तरी चालले पाहिजे ही जी अट असते, तीच अट येथे सुराच्या अनिश्चिततेने पूर्ण होते. कोणतीही ओळ विचारली तरी तिच्यातली तीन अक्षरे सांगता येत असतील, तर सूर वाजला त्या क्षणी तिन्ही ओळींतली प्रत्येकी सुमारे तीन, म्हणजे एकूण नऊ किंवा थोडी अधिक अक्षरे उपलब्ध असली पाहिजेत. साडेचार आणि नऊ यांमधला फरक म्हणजेच सांगण्याच्या ओघात हरवणारी माहिती, आणि प्रयुक्तांची जुनी तक्रार या फरकामुळे खरी ठरली.

ही माहिती हरवते कधी, हे शोधण्यासाठी स्पर्लिंग यांनी सूर मुद्दाम उशिरा वाजवला. कार्ड गेल्यानंतर सुमारे एक तृतीयांश सेकंदाने सूर वाजला तर आंशिक निवेदनाचा लाभ बराच ओसरलेला असे, आणि पूर्ण सेकंद उलटल्यावर त्यातून काढलेला अंदाज संपूर्ण निवेदनाच्या साडेचारांवरच येऊन टेके. म्हणजे मोठा पण झपाट्याने विरणारा एक साठा आणि त्यातून वेचून घेतलेला, छोटा पण अधिक टिकाऊ असा दुसरा साठा, अशा दोन पायऱ्या मानल्याशिवाय या आकड्यांचा उलगडा होत नाही. विरण्याचा वेग मात्र अटळ नसतो. अक्षरांच्या आधी आणि नंतर पडदा काळोखा ठेवला तर ठसा दोन सेकंदांहूनही अधिक टिकतो आणि उजळ ठेवला तर अर्ध्या सेकंदाच्या आतच नाहीसा होतो, हे अव्हरबाख आणि स्पर्लिंग यांनी 1961 मध्ये दाखवले. त्याच वर्षी अव्हरबाख आणि कोरियल यांना असे आढळले, की अक्षराकडे निर्देश करण्यासाठी त्याच्या जागी थोड्या वेळाने वर्तुळ दाखवले, तर ते वर्तुळ निर्देश करण्याऐवजी आतले अक्षरच पुसून टाकते. नंतर आलेल्या दृश्याने आधीचे दृश्य झाकले जाण्याच्या या क्रियेला प्रच्छादन म्हणता येईल, आणि या क्षेत्रातल्या प्रयोगांत फसगत होते ती बहुधा येथेच, कारण सूचना दृश्य स्वरूपात दिली तर मोजायची वस्तू सूचनेमुळेच बिघडू शकते. ओळ दाखवण्यासाठी सुराची निवड करण्याचा फायदा यावरून ध्यानात येतो.

ध्वनीच्या बाबतीत हेच मोजमाप करणे अधिक अवघड आहे, कारण दृश्य एका क्षणात समोर मांडता येते, पण बोलणे काळाच्या ओघात उलगडत जाते. वाशी स्थानकावर पनवेल आणि ठाणे या दोन्ही दिशांच्या गाड्यांच्या उद्घोषणा कानावर पडत असताना अन्यत्र लक्ष असलेल्या प्रवाशाला वाक्य संपल्यावर भान येते आणि तरीही फलाट क्रमांकाचे शेवटचे शब्द त्याला जणू पुन्हा ऐकता येतात. ध्वनिप्रतिमा स्मृतीचे व्यवहारातले काम नेमके हेच आहे. तिचा मापनीय पुरावा डार्विन, टर्व्ही आणि क्राउडर यांनी 1972 मध्ये सादर केला. हेडफोनमधून डावीकडून, उजवीकडून आणि दोन्ही कानांत सारख्या प्रमाणात सोडल्यामुळे मध्यभागातून आल्यासारख्या वाटणाऱ्या अशा तीन याद्या एकाच वेळी ऐकवल्या जात. प्रत्येक यादीत तीन घटक, म्हणजे अंक किंवा अक्षरे, असत आणि त्या संपल्यानंतर कोणती यादी सांगायची हे पडद्यावरच्या खुणेने कळवले जाई. दृश्य प्रयोगात सूचना आवाजातून दिली होती. येथे ती नजरेतून दिली गेली, आणि प्रच्छादन टाळण्याची खबरदारी दोन्हीकडे सारखीच राहिली. संपूर्ण निवेदनात नऊपैकी चारांहून किंचित अधिक घटक आठवले, तर खूण ताबडतोब दिल्यावर आंशिक निवेदनावरून काढलेला अंदाज पाचाच्या आसपास गेला. लाभ छोटा होता, पण तो ओसरायला चार सेकंदांच्या आसपास अवधी लागला. डोळ्याचा साठा मोठा आणि अल्पायुषी, कानाचा साठा मोजमापात लहान पण अधिक टिकाऊ, असे चित्र यातून उभे राहते. त्यातल्या लहानपणाचा काही भाग तीन आवाज एकमेकांत मिसळण्यामुळे असू शकतो, ही शक्यता मात्र गृहीत धरावी लागते.

आता मर्यादांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. स्पर्लिंग यांनी अक्षरे आणि अंक मिसळून दाखवले आणि ‘फक्त अक्षरे’ किंवा ‘फक्त अंक’ सांगण्याची सूचना दिली, तेव्हा आंशिक निवेदनाचा लाभ जवळजवळ दिसला नाही. त्यावरून असे मानले गेले, की या साठ्यात आकार आणि जागा असतात, पण अर्थ किंवा वर्ग नसतो, आणि अंक कोणता व अक्षर कोणते हे ओळखण्याआधीच्या टप्प्यावरचा हा ठसा आहे. पुढील संशोधनात वर्गाच्या सूचनेनेही काही लाभ मिळू शकतो असे दिसून आल्याने हा निष्कर्ष पूर्वीइतका ठाम राहिलेला नाही. दुसरी मर्यादा म्यूहॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये पुढे आणली. सूर जसजसा उशिरा वाजतो तसतशा कोणत्या चुका वाढतात, हे त्यांनी तपासले, तेव्हा कार्डावर नसलेलीच अक्षरे सांगण्याच्या चुकांपेक्षा कार्डावरचेच, पण भलत्या जागेचे अक्षर सांगण्याच्या चुका वाढत असल्याचे आढळले. म्हणजे वरच्या उदाहरणात मधल्या ओळीत ‘द’च्या जागी ‘ग’ सांगणारी व्यक्ती ते अक्षर विसरलेली नसते. ते कुठे होते, एवढेच तिच्या हातून निसटलेले असते. यावरून एकच चित्र हळूहळू फिकट होत जाते ही सोपी कल्पना अपुरी ठरते. मॅक्स कोल्टहार्ट यांनी 1980 मध्ये केलेला भेदही येथे उपयोगी पडतो: प्रकाश विझल्यावरही तो चालू असल्यासारखे दिसत राहणे ही एक गोष्ट, आणि विझलेल्या दृश्याविषयीची माहिती उपलब्ध राहणे ही दुसरी. फुलबाजीचे वर्तुळ पहिलीचा पुरावा आहे, तर आंशिक निवेदन दुसरीचा.

या सर्व विवेचनात एक बाब नजरेआड होऊ देता कामा नये, ती म्हणजे नऊ अक्षरे कोणत्याही प्रयुक्ताने एका दमात कधीही सांगितलेली नाहीत. प्रत्येक खेपेला सांगितली गेली ती तीनच, आणि नऊ हा आकडा पुष्कळ खेपांच्या सरासरीवरून काढलेले अनुमान आहे. म्हणून ‘माणसाला नऊ अक्षरे लक्षात राहतात’ हे विधान चुकीचे ठरते आणि ‘सूर वाजला त्या क्षणी नवांपैकी कोणतीही काही निवडण्याजोगी होती’ हे विधान बरोबर ठरते. स्मृतीविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या क्रियेतच स्मृतीचा काही भाग खर्च होत असेल, तर उत्तराची लांबी हे स्मृतीचे माप मानता येत नाही. थोडेच विचारावे, पण कोणते विचारणार हे आधी कळू देऊ नये, हा त्यावरचा उपाय स्पर्लिंग यांनी दिला.