समारंभ एका दिवसाचा, रजा दहा दिवसांची

मी हैदराबादची. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात पगारबिलांचं काम करते. माझ्या लेकीनं इंग्लंडमध्ये लीड्स शहरात एक वर्षाचं एम.एस्सी. केलं, आणि 11 डिसेंबर 2024 ला तिचा पदवीदान समारंभ होता. त्यासाठी मी रजा कशी मागितली, साहेबांना काय सांगितलं आणि ती रजा कशी मंजूर झाली, एवढाच आजचा विषय आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं आता बाहेर शिकताहेत, त्यामुळे हा अर्ज आज ना उद्या तुमच्याही टेबलावर येणार आहे.

अडचण अशी होती की मला फक्त समारंभाला जायचं नव्हतं. माझी थोरली बहीण लेस्टरला राहते. तिचे यजमान कोविडच्या काळात गेले, तेव्हा विमानं बंद होती. त्यानंतर आमची भेट फोनच्या पडद्यावरच होत होती. इतक्या लांब जाऊन ताईला न भेटता परतणं मला शक्य नव्हतं. आणि समारंभ तर एका दिवसाचा, खरं सांगायचं तर दोन तासांचा. मग साहेब विचारणारच, बाकीचे दिवस कशाला?

ऑफिसमधल्या अनुभवी मंडळींचा सल्ला ठरलेला होता. "समारंभ एवढंच लिहा, बहिणीचं कशाला काढता?" दुसरे म्हणाले, "नुसतं घरगुती कारण लिहा, कोण विचारतंय!" दोन्ही सल्ले प्रेमाचे होते, पण मला पटले नाहीत. त्याचं कारण नीतिमत्तेपेक्षा व्यवहाराचं जास्त आहे. परदेशी जाताना आपण एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहून देत असतो. एक रजेचा अर्ज. दुसरा खासगी परदेश प्रवासाच्या परवानगीचा फॉर्म, जो सरकारी नोकराला रजेशिवाय वेगळा भरावा लागतो. त्यात कुठल्या देशात, किती दिवस, कशासाठी, अंदाजे खर्च किती, पैसे कुठून येणार आणि मागच्या चार वर्षांत खासगी कामासाठी परदेशी कधी गेला होतात, हे सगळं विचारतात. आणि तिसरा व्हिसाचा अर्ज. त्यात राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. माझ्या व्हिसाच्या अर्जात चार रात्रींसाठी लेस्टरचा पत्ता येणार होता, आणि त्याच अर्जाला मी ऑफिसचं रजामंजुरीचं पत्र जोडणार होते. त्या पत्रात नुसता लीड्सचा समारंभ असता, तर माझेच दोन कागद एकमेकांशी भांडले असते. व्हिसा अधिकारी ते पत्र बघतो तो ही बाई नोकरीवर परत येणार की नाही हे ठरवायला. तिथं शंकेला जागा ठेवून चालत नाही.

म्हणून मी दोन्ही कारणं लिहिली, पण एकत्र कालवली नाहीत. अर्ज इंग्रजीत होता, त्याचा मराठीत भावार्थ सांगते. "माझ्या मुलीचा पदवीदान समारंभ 11 डिसेंबरला लीड्स येथे आहे. ही तारीख विद्यापीठानं ठरवलेली असून बदलता येत नाही. त्यानंतर 13 ते 19 डिसेंबर मी लेस्टर येथे माझ्या विधवा बहिणीकडे राहू इच्छिते. हा भाग कार्यालयाच्या सोयीनुसार कमी करता येईल." या शेवटच्या वाक्यावर घरी बराच वाद झाला. आमचे हे म्हणाले, "तू आपण होऊन सुरी त्यांच्या हातात देतेस." माझं म्हणणं असं की सुरी त्यांच्या हातात असतेच. रजा हा हक्क नाही, हे केंद्राच्या रजा नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय. कामाची गरज असेल तर ती नाकारता येते. प्रश्न एवढाच, की त्यांनी कापलंच तर कुठं कापावं. आपण सांगितलं नाही, तर बारा दिवसांचा एकच गठ्ठा समोर जातो. मग तो एकतर पूर्ण मंजूर होतो किंवा पूर्ण नामंजूर.

आता हिशेब बघा. मी मागितली होती 9 ते 20 डिसेंबर अशी बारा दिवसांची अर्जित रजा, म्हणजे आपली ईएल. अलीकडचे शनिवार-रविवार, 7 आणि 8 तारीख, रजेच्या आधी जोडून घेतले. ते रजेत मोजले जात नाहीत. पण 14 आणि 15 चे शनिवार-रविवार रजेच्या मध्ये येतात, ते मोजले जातात. अनेकांना वाटतं की थोडी नैमित्तिक रजा आणि थोडी अर्जित रजा जोडून ईएल वाचवू. तसं करता येत नाही. नैमित्तिक रजा दुसऱ्या रजेला जोडता येत नाही. शिवाय एलटीसीचा परदेश प्रवासाशी काही संबंध नाही, ती भारतातल्याच प्रवासाला मिळते. हेही सांगून टाकते, कारण मला तीन जणांनी विचारलं.

साहेबांनी अर्ज वाचला आणि मला अपेक्षित होता तोच प्रश्न विचारला. पण तो बहिणीबद्दल नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, वीस तारखेला तुम्ही नाही?" आमच्याकडे महिन्याचं पगारबिल विसाच्या आसपास लेखा कार्यालयाकडे जातं. ते वेळेत गेलं नाही तर चाळीस माणसांचा पगार लांबतो. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी अर्जासोबत एक वेगळा कागद नेला होता. कुठल्या फाइली कुणाकडे, कुठली बिलं 6 डिसेंबरपर्यंत मी स्वतः संपवणार, आणि माझं काम बघायला तयार असलेल्या सहकाऱ्याची सही. साहेबांनी तो वाचला, आणि तरी म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण अंतिम तपासणीला तुम्हीच हव्यात."

इथं ते शेवटचं वाक्य कामाला आलं. मी म्हटलं, "मग मी 19 तारखेला हजर होते." ताईकडचे सहा रात्रींचे चार रात्री झाले. 13 ला तिच्याकडे जायचं, 17 ला निघायचं, 18 ला हैदराबाद, 19 ला ऑफिस. रजा बाराऐवजी दहा दिवसांची झाली. दोन रात्री कमी झाल्याचं वाईट वाटलंच. ताईला फोनवर सांगताना माझा आवाज नीट नव्हता. पण समारंभाला हात लागला नाही आणि भेटही राहिली.

साहेबांनी आणखी एक विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. "समारंभ बुधवारी, मग रविवारीच का निघता?" मी लेखी दिलं होतं की डिसेंबरात तिकडची हवा बेभरवशाची असते, आणि मध्ये एक विमान बदलायचं आहे. ते चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. शिवाय समारंभासाठी पाहुण्यांची तिकिटं मोजकीच मिळतात, आणि ती वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. प्रत्यक्षात काय झालं? त्याच शनिवारी ब्रिटनला डाराह नावाचं वादळ धडकलं. झाडं पडली, रेल्वेगाड्या विस्कळीत झाल्या, विमानं रद्द झाली. आम्ही मँचेस्टरला उतरून लीड्सला पोहोचलो तेव्हा खूप रात्र झाली होती. पण मध्ये दोन दिवस हाताशी होते.

तारखांचा क्रमही सांगते, कारण गडबड तिथंच होते. विद्यापीठानं समारंभाची तारीख ऑगस्टच्या अखेरीस कळवली. मी 2 सप्टेंबरला अर्ज दिला. खासगी परदेश प्रवासाच्या परवानगीचा निर्णय पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 21 दिवसांत कळवावा, असं 2015 चं केंद्राचं परिपत्रक आहे. त्यात "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा. खर्चाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज परत येतो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. मी लिहिलं की विमानाचं तिकीट माझ्या बचतीतून, लीड्सला मुलीकडे आणि लेस्टरला बहिणीकडे मुक्काम. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी मागता येतो, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे ऑफिसची परवानगी सप्टेंबरअखेर हातात आली, की तिच्यासकट व्हिसाचा अर्ज जातो आणि नोव्हेंबर मोकळा राहतो.

नोव्हेंबर मोकळा का हवा? कारण खरी टांगती तलवार तेव्हा असते. एक वर्षाच्या एम.एस्सी.चा प्रबंध मुलं सप्टेंबरच्या सुमारास देतात आणि निकाल नोव्हेंबरात लागतो. पुन्हा प्रबंध द्यावा लागला, किंवा विद्यापीठाची फी थकलेली असली, तर डिसेंबरच्या समारंभात नाव येत नाही. ते पुढच्या उन्हाळ्यावर जातं. हे मी अर्जात एका ओळीत लिहिलं होतं. निकालानंतर समारंभातलं नाव कायम झाल्याचं पत्र सादर करेन, नाव नसल्यास रजा रद्द करण्याची विनंती करेन. आईनं लेकीच्या निकालाबद्दल असं लिहावं का, असं कुणी म्हणेल. पण त्यामुळेच साहेबांना वाटलं की या बाईनं पूर्ण विचार केलाय. तिकिटंही आम्ही तारीख बदलता येणारी घेतली, थोडे पैसे जास्त गेले.

आमच्या ह्यांची गोष्ट वेगळी. ते खासगी कंपनीत, तिथं फॉर्म वगैरे काही नाही, एक ईमेल. त्यांचे मॅनेजर म्हणाले, "रजा कशाला घेता, लॅपटॉप घेऊन जा, बहिणीकडून काम करा." ऐकायला बरं वाटतं. ब्रिटननं जानेवारी 2024 पासून व्हिजिटरला आपल्या देशातल्या नोकरीचं दुरून काम करू दिलंय हे खरं, पण येण्याचा मुख्य हेतू ते काम असता कामा नये. शिवाय बऱ्याच कंपन्या त्यांचा लॅपटॉप परदेशात नेऊ देत नाहीत किंवा त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ह्यांनी सरळ रजा घेतली आणि ईमेलमध्ये एवढंच लिहिलं की तातडीचं असेल तर संध्याकाळी अमुक वेळेला फोन उचलेन. तिकडे आपल्यापेक्षा घड्याळ साडेपाच तास मागे असतं, म्हणून ती वेळ भारतीय वेळेत लिहावी.

शेवटचा मुद्दा परतीचा. विमान रद्द झालं आणि रजा संपली, तर रजा संपायच्या आत ईमेलनं मुदतवाढ मागायची, सोबत विमान कंपनीचा रद्द केल्याचा संदेश. विनापरवानगी गैरहजर राहिलं तर त्या दिवसांचा रजेचा पगार मिळत नाही आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. मला ती वेळ आली नाही. 18 ला दुपारी घरी पोहोचले, 19 ला सकाळी रुजू झाल्याचा कागद दिला आणि पगारबिल उघडलं. ताईनं बांधून दिलेला मेथीच्या ठेपल्यांचा डबा त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या सेक्शनमध्ये संपला.