लघवीच्या रिपोर्टमधला ‘ट्रेस’

समजा, वालचंदनगरच्या शिवारात दिवसभर ऊस खुरपून आलेल्या एका बाईनं संध्याकाळी लघवी तपासायला दिली. रिपोर्ट आला: पस सेल्स ८-१०, एपिथेलियल सेल्स भरपूर, प्रोटीन ट्रेस, शुगर निल.

‘पस’ म्हटलं की आपण घाबरतो. या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. पाचपर्यंत असल्या तर चालतं. इथं जास्त आहेत खऱ्या, पण एपिथेलियल म्हणजे कातडीच्या पेशीही भरपूर आहेत. म्हणजे अंगावरचं पांढरं बाटलीत मिसळलं असावं. जळजळ, ताप नसेल आणि दिवस गेलेले नसतील, तर लगेच गोळ्या घेण्यापेक्षा तपासणी पुन्हा करावी.

ट्रेस म्हणजे पुसटसा अंश. उन्हात घाम जातो, पाणी पिणं राहतं, लघवी घट्ट होते आणि तो दिसतो. म्हणून सकाळची पहिली लघवी द्यायची. जागा साध्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडायची, मधली बाटलीत धरायची आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायची. पाळीत नको. तरीही प्रोटीन आलं, तर बीपी आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघायला डॉक्टरांकडे जायचं. पोटुशीनं मात्र थांबू नये. ट्रेस दिसला की त्याच दिवशी बीपी मोजून घ्यावं.

राहिली शुगर. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. त्यामुळे ‘निल’ आलं म्हणून मधुमेह नाहीच, असं आम्ही म्हणणार नाही. त्यासाठी रक्तच तपासावं लागतं.