वर्गातील कपाट आणि वार्षिक मागणीपत्र

(पोहरादेवी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम येथे शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



मी शिक्षक नाही. माहिती खात्यातील एक अधिकारी आहे. तरीही कपाटांशी माझा संबंध जुना आहे. नोकरीच्या आरंभी एका कार्यालयात मी वार्षिक मागणीपत्र तयार केले, तेव्हा 'मागील वर्षाप्रमाणे' असे लिहून मोकळा झालो. परिणामी टंकलेखन यंत्रे काढून टाकलेल्या त्या कार्यालयात टंकफितींचे खोके येऊन पडले, आणि कागद मात्र वर्षाच्या मध्यासच संपला. आपल्या वर्गात असे घडले, तर त्याची झळ मुलांना लागते.

मोजणी सत्राच्या अखेरीस, एप्रिलमध्ये करावी. पोहरादेवीस रामनवमीच्या यात्रेचा गजबजाट ओसरला की चार निवांत दिवस मिळतात. यात्रेच्या कामासाठी वर्गखोली द्यावी लागणार असेल, तर मात्र कपाट त्यापूर्वीच मोजून कुलूपबंद करणे बरे. कपाट संपूर्ण रिकामे करावे. वस्तू जागच्या जागी ठेवून मोजल्या, की मागच्या कप्प्यातील उंदरांनी कुरतडलेले तक्ते 'शिल्लक' म्हणून नोंदले जातात. शेजारच्या वर्गाला उसने दिलेले साहित्य त्याच दिवशी परत मागवावे, नाहीतर तीच वस्तू दोन्ही वर्गांत मोजली जाते किंवा एकाही वर्गात मोजली जात नाही.

काढलेल्या वस्तूंचे दोन ढीग करावेत. खडू, कोरे कागद, डिंक, रंग या खर्ची पडणाऱ्या वस्तू एकीकडे. नकाशे, पृथ्वीगोल, फळ्यावरील कंपास, वजनमापे या टिकाऊ वस्तू दुसरीकडे. टिकाऊ वस्तूंचा ताळा जडसंग्रह नोंदवहीशी, म्हणजे बोलीभाषेतील डेडस्टॉक रजिस्टरशी, घ्यावयाचा असतो. वस्तू मोडली म्हणून ती फेकून देता येत नाही. ती 'निरुपयोगी' या शेऱ्याने मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि निर्लेखनाची मंजुरी मिळेपर्यंत जपून ठेवावी.

आता खडूंचेच उदाहरण घेऊ. आकडे मी कल्पिलेले आहेत. पाचवीच्या एका वर्गात जूनमध्ये शंभर खडूंच्या 2 पेट्या होत्या. वर्षभरात 12 मिळाल्या. एप्रिलमध्ये 3 उरल्या. 2 अधिक 12, वजा 3. म्हणजे 11 पेट्या, अर्थात 1,100 खडू संपले. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत किमान 200 दिवस अध्यापन अपेक्षित आहे. त्या हिशेबाने रोज साडेपाच खडू होतात आणि हे पटण्यासारखे आहे. हाच आकडा पंधरा आला असता, तर जास्त खडू मागण्याआधी ते कुठे गेले हे पाहिले पाहिजे. बहुधा दुसऱ्या वर्गाने नोंद न करता नेलेले असतात, किंवा पेटी पावसाळ्यात ओलीला लागून खडू हातातच मोडतात.

उरलेल्या 3 पेट्यांतील एकेक खडू फळ्यावर ओढून पाहावा. समजा, एका पेटीतील खडू ओलसर निघाले आणि उन्हात वाळवूनही उमटले नाहीत. मग उपयुक्त शिल्लक 2 पेट्या. पुढील वर्षाचा खर्च 11, नवा माल येईपर्यंत हाताशी 1, एकूण 12. त्यातून 2 वजा जाता मागणी 10 पेट्यांची. पट वाढल्यास खडू फारसे वाढत नाहीत, कारण फळा एकच असतो. कोरे कागद आणि रंग मात्र त्या प्रमाणात वाढवावे लागतात.

टिकाऊ वस्तूंच्या बाबतीत फसगत वेगळ्या प्रकारची असते. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी छापलेला राज्याचा नकाशा कापडाला घट्ट चिकटलेला आणि न फाटलेला असेल, नोंदवहीशीही तो तंतोतंत जुळेल. पण त्यावर पोहरादेवी शोधू पाहणारे मूल अकोला जिल्ह्यात पोहोचेल. पालघर जिल्हा आणि तेलंगण राज्य ही दोन्ही 2014 मधली. म्हणून नकाशावरील छपाईचे वर्ष पाहून ते शेऱ्याच्या रकान्यात लिहावे. असा नकाशा संग्रहात 'आहे' आणि मागणीपत्रातही 'हवा' आहे. यात विसंगती नाही. जुना नकाशा टाकूही नये. जिल्ह्याची पूर्वीची सीमा दाखवण्यास त्याच्याइतके चांगले साधन नाही.

कार्यालयाकडे जाणाऱ्या यादीत वस्तू, उपयुक्त शिल्लक, वर्षाचा खर्च, मागणी आणि कारण एवढे पाच रकाने पुरेत. 'खडू पुरेसे' असे न लिहिता 'पांढरे खडू, 10 पेट्या' असे लिहावे. शाळेचे अनुदान पटसंख्येवर ठरते आणि ते सत्रारंभीच हाती पडेल असे नाही. त्यामुळे यादीचा क्रमही महत्त्वाचा: ज्यावाचून पहिल्या आठवड्यात वर्ग अडेल ते वर, आणि थांबू शकेल ते खाली. रक्कम कमी पडली, तर मुख्याध्यापक आणि समिती खालून कात्री लावतात. ती कशाला लागावी हे वर्गशिक्षकानेच आधी ठरवलेले बरे.

यादीच्या दोन प्रती कराव्यात. एकीवर मुख्याध्यापकांची पोच घ्यावी आणि ती कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवावी. मे महिन्यात बदली झाली, तर नव्या शिक्षकाला कपाट उघडताच ती दिसेल.