ओव्याची पुरचुंडी


पाड्यावर २० दिवसांच्या एका बाळाच्या पोटावर मला फोड दिसला. पोटात गॅस धरला म्हणून आजीने ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकले होते. फडके हाताला कोमट लागते, पण आतला ओवा तापलेलाच असतो आणि बाळाची कातडी फार नाजूक. म्हणून पुरचुंडी नकोच. ग्राइप वॉटरही नको. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध.

मी आजीला दाखवले: पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. थोड्या वेळाने उताणे निजवून दोन्ही पाय सायकलसारखे हळूहळू फिरवायचे. यात धोका नाही.

मात्र हिरवी उलटी, कडक फुगलेले पोट, ताप किंवा दूध न ओढणे दिसले, तर लगेच दवाखाना गाठायचा.